संयम

दोनदा अधोरेखित केलेला एक शब्द गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तो माझाच आहे, माझ्याच अक्षरात, माझ्याच शेअरच्या सौद्यांच्या वहीत. शब्द आहे ‘संयम’. निळ्या शाईत, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, त्याखाली दोन रेघा. दुसरी रेघ इतकी दाबून ओढली आहे की पान उलटलं तरी मागच्या बाजूला तिचा उंचवटा बोटाला लागतो. ज्या दिवशी हा शब्द लिहिला त्या दिवशी मी खूश होतो. तीन महिन्यांनी तोच शब्द वाचताना कानशिलं गरम झाली. आधी मला वाटत होतं की माझं नुकसान एका बुधवारी झालं. ते सुरू या पानावर झालं होतं, आणि त्या दिवशी खात्यात नफा होता.

आधी बुधवारबद्दल सांगतो, कारण वही उघडायला त्यानेच भाग पाडलं.

मंगळवारी सकाळी मी एक शेअर ४१२ ला घेतला. आदल्या तीन दिवसांचा तळ ४०३ होता. तिथे प्रत्येक वेळी खरेदी येत होती आणि भाव वर जात होता. ४०३ टिकला तर वर जायला जागा आहे, आणि तो तुटला तर इथे खरेदीदार आहेत हे माझं म्हणणंच चुकीचं, एवढा साधा विचार होता. म्हणून स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकून टाकणारी ऑर्डर, ४०२ वर. अंतर १० चं. माझं भांडवल पाच लाख, आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून जास्त घालवायचं नाही हा नियम, म्हणजे पाच हजार. पाच हजार भागिले दहा, म्हणून ५०० शेअर. टार्गेट ४३२, म्हणजे जोखमीच्या दुप्पट. वहीत मी जोखमीच्या या एककाला ‘आर’ म्हणतो. एक आर म्हणजे त्या सौद्यात स्टॉप लागला तर जाणारी रक्कम. पैशांत लिहिलं की मन पैशांपाशी अडकतं. आरमध्ये लिहिलं की छोटा सौदा आणि मोठा सौदा एकाच फूटपट्टीने मोजता येतो.

हे सगळं मी सौदा घेण्याआधी लिहिलं होतं. पानावर अक्षर सरळ आहे, ओळी समान अंतरावर आहेत. ‘४०२ ला बाहेर. ४०३ तुटला तर माझं म्हणणं चूक.’ आज ते वाक्य वाचताना वाटतं, एखाद्या शांत आणि समंजस माणसाने लिहिलं असावं. तो माणूस मीच होतो, आणि चोवीस तासांनी त्याचं मी काहीही ऐकलं नाही.

बुधवारी सकाळी भाव हळूहळू उतरत होता. ४०७, ४०५, ४०४. पडण्यात घाई नव्हती, आणि म्हणूनच ते पाहणं अवघड होतं. धाडकन पडला असता तर स्टॉप लागून गेला असता आणि मी रागाने उठून गेलो असतो. हा मात्र एकेक पायरी उतरत होता, मध्ये थांबत होता, जणू विचार करत होता. ४०२.६० ला मी स्क्रीनच्या इतका जवळ होतो की काचेवर माझा श्वास उमटत होता. त्या क्षणी मनात आलेलं वाक्य आठवतं: ‘नेमका इथेच सगळ्यांचा स्टॉप असणार. तो उडवतील आणि भाव वर नेतील.’ मी ऑर्डर उघडली, ४०२ च्या जागी ३९८ लिहिलं आणि बदल पक्का केला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हा हलकेपणा खरा होता आणि तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे, कारण नियम मोडताना वाईट वाटत नाही. बरं वाटतं.

अर्ध्या तासाने भाव ३९८.५० ला आला. या वेळी मी आकडा बदलला नाही, ऑर्डरच रद्द केली. खरंच रद्द करायची आहे का, असं स्क्रीनने विचारलं. मी हो म्हटलं. ३९६ ला आणखी ३०० शेअर घेतले.

या ३०० शेअरबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ वेडेपणाची कृती वाटेल आणि आतून ती तशी अजिबात वाटत नाही. ५०० शेअर ४१२ चे आणि ३०० शेअर ३९६ चे, सरासरी आली ४०६. स्क्रीनवर ४१२ दिसत होते तिथे ४०६ दिसायला लागले. बरोबरीत सुटायला मघाशी १६ हवे होते, आता १० पुरणार होते. डोळ्यांना सुटका जवळ आल्यासारखी दिसते. पण भाव आणखी एकने पडला की आधी ५०० जात होते, आता ८०० जाणार होते. आणि त्याहून मूलभूत गोष्ट वेगळीच होती. ५०० हा आकडा मी हवेतून आणला नव्हता. तो ४०२ च्या स्टॉपमधून आला होता. स्टॉप काढला त्या क्षणी त्या ५०० ला काही अर्थ उरला नाही. स्टॉप ३८७ ला ठेवायचा असं आदल्या दिवशी ठरवलं असतं, तर अंतर २५ झालं असतं आणि हिशेबाने फक्त २०० शेअर घेतले असते. म्हणजे स्टॉप हलवून मी सौद्याला जास्त जागा दिली नव्हती. जो सौदा मी शांतपणे कधीच घेतला नसता, तो मागच्या दाराने घेतला होता.

दुपारी बाजार बंद झाला तेव्हा भाव ३९४ होता. जेवताना बायकोने दोनदा काहीतरी विचारलं. तिसऱ्यांदा तिने ‘कुठे हरवलायस?’ एवढंच म्हटलं. मी म्हटलं, काही नाही. रात्री मी त्या कंपनीबद्दल वाचत बसलो. तीन दिवसांसाठी घेतलेल्या शेअरचे पाच वर्षांचे ताळेबंद मी रात्री एक वाजता पाहत होतो. कंपनी चांगली होती. चांगलीच होती ती, पण माझ्या सौद्याचा कंपनीच्या चांगुलपणाशी कधीच संबंध नव्हता. त्याचा संबंध ४०३ शी होता.

गुरुवारी बाजार उघडला तोच खाली, ३८५ ला. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून मधले नऊ आकडे कुणाला दिसलेच नाहीत. मी ३८४ ला सगळं विकलं. ८०० शेअर, प्रत्येकी २२ चा तोटा, एकूण १७,६००. साडेतीन आर. उघडताना असा खड्डा पडला तर लावलेला स्टॉपही लिहिलेल्या भावाला लागत नाही. पुढे जो भाव मिळेल त्याला तो विकतो. हा युक्तिवाद मी त्या सकाळी स्वतःशी करून पाहिला. पण तो इथे लागू होत नव्हता. ४०२ आदल्या दिवशी, भर बाजारात, हळूहळू येऊन गेला होता. माझा स्टॉप तिथे असता तर फार तर दहावीस पैसे इकडेतिकडे होऊन पाच हजारांत मी मोकळा झालो असतो.

साडेतीन टक्के भांडवल गेलं. खातं बुडालं नाही, कुणाचे पैसे देणं नव्हतं. पण माझ्या वहीतली तोवरच्या ८४ सौद्यांची गोळाबेरीज १५ आर होती, म्हणजे सौद्यामागे साधारण ०.१८. स्टॉप पाळून गेला असता तो एक आर हा धंद्याचा खर्च होता. वरचे अडीच आर परत मिळवायला माझ्या गतीने चौदा सौदे लागतात. चौदा वेळा बसून तळ शोधायचा, हिशेब करायचा, वाट पाहायची. एवढं काम त्या एका ‘हो’ ने खाल्लं होतं.

वही मी त्याच रविवारी उघडली. तोवर ती मी लिहीत होतो, वाचत नव्हतो. लिहिण्यात एक समाधान असतं, शिस्त पाळल्याचं, आणि ते वाचण्याची गरज मारून टाकतं.

बुधवारचं पान आधी पाहिलं. वर मंगळवार सकाळची नोंद सरळ अक्षरात. मग पावणेबाराला: ‘स्टॉप ३९८. व्हॉल्यूम कमी आहे, ही खरी विक्री नाही.’ मग सव्वाबाराला: ‘स्टॉप काढला. ३९६ ला ३०० घेतले. बाजार फसवतोय.’ अक्षर तिरकं झालं आहे, शेवटचा शब्द समासात गेला आहे. त्याखाली काही नाही. दुपार, संध्याकाळ, रात्र, सगळं कोरं. गुरुवारी फक्त विक्रीचा भाव.

त्या तीन नोंदी मी एकाखाली एक वाचल्या आणि मला त्यांच्यातला कर्ता दिसला. मंगळवारी ‘माझं म्हणणं चूक’ असं होतं. चूक ठरू शकणारा त्यात मी होतो. बुधवारी दुपारी ‘बाजार फसवतोय’. चूक करणारा आता दुसराच कुणी होता. मध्ये फक्त काही रुपयांचं अंतर आणि थोडे तास, पण वाक्यातून मी निघून गेलो होतो. आणि ‘व्हॉल्यूम कमी आहे’ हे कारण? ते खोटं नव्हतं, व्हॉल्यूम, म्हणजे खरेदी-विक्री झालेल्या शेअरची संख्या, खरंच कमी होता. पण मंगळवारच्या नोंदीत व्हॉल्यूमचा शब्दही नाही. बाहेर पडण्याची अट ४०३ होती, ‘४०३ जास्त व्हॉल्यूमने तुटला तर’ अशी नव्हती. अट मोडल्यावर जे कारण सुचतं ते आधी कधी लिहिलं होतं का, हे पाहण्यासाठीच वही असते. मला ते इतक्या उशिरा कळलं.

मग मी मागे जात राहिलो. ८४ पैकी किती वेळा स्टॉप हलवला ते मोजलं. मला वाटलं होतं दोनतीन वेळा. निघाले नऊ. आणि पुढे जे दिसलं त्याने मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो. नऊपैकी सहा वेळा भाव परत आला होता. सहा वेळा स्टॉप हलवणं ‘बरोबर’ ठरलं होतं. त्यातल्या पहिल्याच पानावर, १.२ आर नफ्याच्या नोंदीशेजारी, तो शब्द होता. संयम.

म्हणजे मी मूर्खासारखं वागत नव्हतो. मी शिकत होतो. तीनपैकी दोन वेळा बक्षीस मिळणारी गोष्ट माणूस शिकणारच, आणि ती मनापासून शिकणार. पण बक्षिसाचा आकार मी पाहिला नव्हता. त्या सहा सौद्यांची बेरीज ०.६ आर. पहिला १.२ चा सोडला तर बाकी पाच जेमतेम बरोबरीच्या आसपास, कारण इतका त्रास झाल्यावर भाव खरेदीच्या किमतीला आला की मी सुटलो बुवा म्हणून बाहेर पडत होतो, टार्गेटपर्यंत थांबतच नव्हतो. आणि उरलेले तीन: साडेतीन, ४.२ आणि ५.१ आर तोटा. नवांची बेरीज उणे १२.२. नऊच्या नऊ स्टॉप निमूट लागू दिले असते तर उणे ९ झाले असते. १५ आरच्या जागी १८ आर असते. नऊ ही संख्या लहान आहे, एखादा सौदा इकडचा तिकडे झाला तर आकडे हलतील, हे मला मान्य आहे. पण तोट्याला कडा नाही आणि नफा बरोबरीपाशी कापला जातो, हा त्या नवांचा आकार योगायोगाचा नव्हता. तो आकार मीच कापून तयार केला होता.

तोट्यातले शेअर धरून ठेवायचे आणि नफ्यातले लवकर विकायचे, या ओढीला हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ साली एक नाव दिलं आणि तिची मांडणी केली. १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरकडच्या दहा हजार खात्यांमध्ये ती तपासली, तेव्हा लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरीने चांगले चाललेले आढळले. हे मी वाचलेलं होतं. बुधवारच्या आधीच वाचलेलं होतं, त्यावर मित्रांशी बोललोही होतो. ४०२.६० ला त्यातलं काहीही माझ्या कामी आलं नाही. दहा हजार खाती दुसऱ्यांची होती. ती नऊ पानं माझी होती, त्यांवर माझी शाई होती.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे तपासायला हवी होती. स्टॉपच जर फार जवळ असेल, भावाच्या नेहमीच्या हेलकाव्यात सापडत असेल, तर दोष माझ्या मनाचा नाही, मोजमापाचा आहे. सुदैवाने वहीत एक रकाना होता जो मी सवयीने भरायचो आणि कधी वापरला नव्हता: सौदा चालू असताना भाव माझ्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला. स्टॉपला हात न लावलेले ७५ सौदे होते, त्यांतले ३३ नफ्यात. त्या ३३ पैकी २८ सौदे ०.६ आरपेक्षा जास्त विरुद्ध गेलेच नव्हते. हा आकडा मी दोनदा मोजला. स्टॉप खरोखर फार जवळ असता, तर ०.८, ०.९ पर्यंत जाऊन काठावरून परतलेल्या सौद्यांची गर्दी दिसली असती. आणि जे थोडे आणखी खाली गेले ते स्टॉपमध्ये सापडून तोट्यात जमा झाले, असं म्हणता आलं असतं. पण काठाजवळ जवळपास कुणीच नव्हतं. माझे चांगले सौदे लवकर चांगले होतात. जो सौदा स्टॉपच्या दारात उभा राहून मला विचारात पाडतो, तो बहुतेक वेळा मुळातच चुकलेला असतो. ‘नेमका इथेच उडवतील आणि वर नेतील’ या माझ्या वाक्याला त्या ७५ सौद्यांत आधार नव्हता.

त्यानंतर मी फार काही बदललं नाही. खरेदीची ऑर्डर गेली की लगेच स्टॉपची ऑर्डर जाते, आणि ती फक्त नफ्याच्या बाजूला सरकते. पुढचे वीस सौदे अर्ध्या आकाराने घेतले, म्हणजे जोखीम अर्धा टक्का. आणि वहीत नफातोट्याच्या रकान्यापासून दूर, पानाच्या दुसऱ्या टोकाला, एक नवा रकाना आखला: पाळला की नाही. तो रकाना मी जुन्या पानांवरही भरला. १.२ आर नफ्याच्या त्या पानावर ‘नाही’ लिहिताना हात अडखळला. संयम हा शब्द खोडणार होतो. मग तसाच ठेवला. त्या दिवशी मला तो खरा वाटला होता, आणि मला तो खरा वाटला होता ही त्या पानावरची सगळ्यात उपयोगी माहिती आहे.

परवा पुन्हा तशीच वेळ आली. वेगळा शेअर, तसंच उतरणं, एकेक पायरी, थांबत थांबत. स्टॉप २३६ ला होता. २३६.३० ला माझा हात माऊसवर गेला, आणि मी तो उचलून मांडीवर ठेवला, लहान मुलाचा हात धरून ठेवावा तसा. भाव २३५.८० पर्यंत गेला. स्टॉप लागला. मग तो वळला. तासाभरात २४० आणि दुपारी २४६, माझ्या टार्गेटच्याही वर. मी सगळं पाहिलं, प्रत्येक आकडा. पोटात जे ढवळलं ते बुधवारपेक्षा कमी नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं, कारण या वेळी दोष द्यायला मीसुद्धा नव्हतो.

वही उघडली. तोटा: १ आर. सर्वाधिक विरुद्ध: १ आर. पाळला: हो. मग शेरा लिहायच्या ओळीवर पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून बसलो. शाईचा एक छोटा ठिपका कागदावर पसरत गेला. एकही शब्द लिहिला नाही. बाजूला स्क्रीनवर भाव अजून वर जात होता.